उजव्या कुशीवरचे दोन तास

गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नर्स मोजपट्टी घेऊन कोपऱ्यातल्या पलंगाशी गेली. ड्रायव्हर काकांचा काळजीचा आराखडा बाराच्या आत लिहून इन्चार्ज सिस्टरांपुढे ठेवायचा होता आणि त्यात एक माप भरायचं राहिलं होतं.

काकांनी तीस वर्षं बस चालवली. तीन आठवड्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि शरीराची डावी बाजू गेली. पुनर्वसन केंद्रात त्यांच्यासाठी एक पलंग शनिवारी सकाळी दहापर्यंत राखून ठेवला होता. तिथे व्यायाम मिळाला तर ते निदान खुर्चीत बसू शकले असते. केंद्राची अट एकच होती, अंगावर उघडी जखम नको. आणि काल माकडहाडावर एक लाल डाग दिसला होता.

पडून राहून होणाऱ्या जखमांच्या धोक्याची गुणपट्टी तिने आधीच भरली होती. तेवीसपैकी दहा. गुण जितके कमी तितका धोका जास्त. हवेची गादी चालू होती आणि दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या खुणा तक्त्यावर होत्या. मग डाग आला कुठून? तक्ता खरा असेल तर माकडहाडावर इतका वेळ भार यायलाच नको होता.

तक्त्यावर शेवटची खूण होती: दहा वाजता, उजवी कूस. काका मात्र पाठीवर सपाट पडले होते. उशी पायथ्याशी होती.

शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. "आत्ताच सरळ झाले बघा ते," त्या म्हणाल्या.

"काकू, ते आपले आपण सरळ होऊ शकत नाहीत."

काकूंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "तीस वर्षं बसून काढली यांनी. तेव्हा नाही कुठे जखम झाली."

"तेव्हा दर दोन मिनिटांनी सीटवर सरकत असतील. त्यांना कळायचंही नाही. आता ते सरकणं आपण करायचंय."

तिने काकांना हलकेच वळवून डागावर बोट दाबलं, तीन सेकंद धरलं आणि उचललं. निरोगी त्वचा दाबाखाली फिकी पडते आणि मग पुन्हा रंग भरतो. डाग जसाच्या तसा राहिला. तीन सेंटिमीटर बाय दोन, आजूबाजूच्या त्वचेपेक्षा गरम. कातडी अजून फाटली नव्हती. पहिली पायरी. दुसरीला कातडी उघडते, आणि मग शनिवारचा पलंग गेलाच.

"मी रोज स्पिरिट आणि पावडर लावून चोळते," काकू म्हणाल्या. "चांगलं जोर लावून."

"तिथे चोळायचं नाही. आतली नाजूक झालेली कातडी चोळल्याने आणखी तुटते. आणि यांना पाठीवर कोण आणतं?"

काकूंनी पायथ्याच्या उशीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मीच. उशी काढली की ते पाठीवर येतात. मग काखेत हात घालून वर ओढते. उजव्या कुशीवर केलं की कण्हतात हो. तोंड भिंतीकडे, मी पाठीमागे. लिहू नका सिस्टर. मला बाहेर काढतील, आणि मी नसले की हे घासभर खात नाहीत."

लिहिणार नाही, असं नर्सने कबूल केलं नाही. शेजारचा पलंग रिकामा होता. ती त्यावर उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, वॉर्डात लावतात तशी पूर्ण आडवी झाली. डावा हात मुद्दाम लुळा सोडला. चार मिनिटांत अंगाखाली अडकलेल्या उजव्या हाताला मुंग्या आल्या. नाक खाजलं, पण खाजवायला हात नव्हता. पुढे भिंत, आणि रंगाचा एक पोपडा.

"झोप झाली का राणीसरकारांची?" इन्चार्ज सिस्टर पायथ्याशी उभ्या होत्या. "आराखडा कुठाय?"

नर्स उठली आणि टेबलाशी जाऊन सगळं सांगितलं.

"म्हणजे खुणा खऱ्या आणि कूस खोटी," इन्चार्ज म्हणाल्या. "सोपं आहे. बाईंना फक्त भेटीच्या वेळेत येऊ द्या."

"मॅडम, मग ते जेवणार नाहीत. आधीच वजन घटलंय, आणि प्रथिनं कमी पडली तर कातडी कशी टिकणार? त्यांचा एकच हात चालतो आणि आपण तोच अंगाखाली दाबतोय. कण्हणार नाहीत तर काय करतील?"

"आणि उद्या डाग फुटला तर? वरती उत्तर मी द्यायचं."

"म्हणून तर सगळं लिहायचं म्हणते. काकू काय करतात ते, आणि का करतात तेही."

इन्चार्जनी चष्मा कपाळावर सरकवला. "लिही. पण उद्या अकराला मी स्वतः बघणार. डाग वाढला असला तर बाई बाहेर."

नर्सने लिहिलं. उद्दिष्ट: शनिवारी सकाळी नऊपर्यंत कातडी अखंड, डाग तीन बाय दोनहून लहान. पूर्ण कूस बंद. पाठीमागे उशी देऊन फक्त तीस अंश कलवायचं, आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे, दर दोन तासांनी. पाठीवर नाही. उजवीकडे कलवताना खांदा थोडा पुढे काढून हात मोकळा ठेवायचा. टाचा अधांतरी, पोटऱ्यांखाली उशी. वर सरकवताना दोघांनी चादरीने उचलायचं, ओढायचं नाही, कारण ओढलं की कातडी चादरीला चिकटून राहते आणि हाड आत सरकतं. डोक्याकडची बाजू तीस अंशांच्या वर फक्त जेवताना आणि नंतर तासभर. प्रत्येक वेळी वळवताना डाग पाहायचा. तक्त्यावर एक नवा रकाना: वळवल्यानंतर एका तासाने तसेच आहेत का? हा रकाना काकूंनी भरायचा. फेरतपासणी शुक्रवारी अकरा, नंतर शनिवारी नऊ.

दोन वॉर्डबॉयनी पलंग भिंतीपासून खुर्चीइतका बाहेर ओढला. काकू त्या फटीत जाऊन बसल्या. काकांना उजवीकडे कलवलं तेव्हा त्यांनी मोकळा हात थोडा पुढे सरकवला. दहा मिनिटांनी कण्हले. काकूंचा हात उशीकडे गेला, थांबला, परत आला. नर्स दाराआडून बघत होती. नवऱ्याला कळ सोसायला लावणं ही काय सोपी गोष्ट आहे, असं तिला वाटलं आणि ती तिथून निघाली.

शुक्रवारी अकराला इन्चार्जनी बोट दाबलं, उचललं. डाग तेवढाच होता. तीन बाय दोन.

"वाढला नाही," नर्स म्हणाली.

"कमीही नाही." इन्चार्जनी तक्ता उचलला. नव्या रकान्यात काकूंच्या वाकड्यातिकड्या अक्षरात बहुतेक ठिकाणी 'आहेत' होतं. एका ठिकाणी 'नाहीत, मी उशी काढली, परत लावली'. इन्चार्जनी ती ओळ पुन्हा वाचली. "या बाईंइतका खरा तक्ता आमच्या वॉर्डात कुणी भरत नाही. राहू दे त्यांना."

शनिवारी नऊला नर्सने मोजपट्टी लावली. दोन बाय एक. कडा दाबल्यावर फिक्या पडल्या. मधला भाग मात्र तसाच लाल राहिला. साडेनऊला केंद्रातून फोन आला.

"जखम?"

"नाही. कातडी अखंड."

"लाली?"

इथे 'नाही' म्हणणं एका शब्दाचं काम होतं. काकू चार पावलांवर उभ्या होत्या.

"आहे. दोन बाय एक. गुरुवारी तीन बाय दोन होती. मध्ये अजून फिकी पडत नाही."

पलीकडे कुणाशी तरी बोलणं चाललं. नर्सने टेबलाची कड धरली होती.

"आराखडा पाठवा," शेवटी उत्तर आलं. "तसाच इथे चालू ठेवू. अकराला गाडी येईल."

काकू खुर्चीत बसल्या, लगेच उठल्या. "सिस्टर, तिथे पलंग भिंतीला लावलेला असला तर?"

नर्सने झाकलेलं पेन पुन्हा उघडलं. फेरतपासणी, रविवार सकाळी नऊ, हे लिहून झालं होतं. त्याखाली तिने एक ओळ वाढवली: पलंगाच्या उजव्या बाजूला पत्नीच्या खुर्चीपुरती जागा सोडावी.