पाय फुटलेले चौकोन

रुग्णालयाच्या कंट्रोल रूममधल्या मोठ्या पडद्यावर कुठला सर्व्हर कुणाला माहिती पाठवतो त्याचा नकाशा असे. तो सांभाळायचं काम आक्काचं. इतकी वर्षं ती माउसनं चौकोन ओढून, बाण जोडून तो काढत आली होती. पण प्रोग्रामर मंडळी दर आठवड्याला काहीतरी बदलत, आणि मधे एक चौकोन घुसवायचा म्हटलं की बाकीचे सरकवण्यात तिची सबंध दुपार जाई.

शेवटी तिनं ठरवलं, नकाशा मजकुरातच लिहायचा. 'हा त्याला पाठवतो' अशी एकेक ओळ, मांडणी कॉम्प्युटरनं आपली आपण करावी. अशा ओळींवरून चित्र काढणारी दोन साधनं होती. ग्राफविझ मोठ्या जंजाळाला बरं. पण मर्मेड कोडच्या शेजारी लिहिलं की तिथंच चित्र होऊन दिसतं. मर्मेड ठरलं.

कंट्रोल रूममध्ये त्या पडद्यावरून सर्व्हर चालू-बंद करणाऱ्या मामांनी एवढंच विचारलं, "चौकोन जागच्या जागी राहतील ना गं?"

"मामा, चौकोनांना काय पाय फुटणार आहेत?"

फुटले. एका प्रोग्रामरनं एकच ओळ वाढवली. आक्कानं ती ओळ वाचली, बरोबर होती, मंजूर केली. चित्र उघडून पाहिलं नाही. इकडे मर्मेडनं सगळा नकाशा नव्यानं मांडला.

चौकोनावर क्लिक केलं की त्या सर्व्हरचं पान उघडे, तिथूनच तो बंद करता येई. मामांनी सवयीनं उजव्या कोपऱ्यातला चौकोन सरावाचा सर्व्हर समजून बंद केला आणि ते चहाला गेले. तिथं आता रक्ततपासणीच्या रिपोर्टचा सर्व्हर येऊन बसला होता. वॉर्डावॉर्डातून फोन सुरू झाले.

सर्व्हर पुन्हा चालू झाला, तसं कंट्रोल रूमच्या प्रमुख मॅडमनी दोघांना पडद्यासमोर उभं केलं. मामा खुर्चीची पाठ धरून होते.

"मामा, उद्यापासून हे टेबल दुसऱ्याकडे. चौकोनात नाव लिहिलंय, वाचायला काय झालं होतं?"

"बाई, तो चौकोन मी वाचत नाही. स्वयंपाकघरातला मिठाचा डबा कोण वाचतं?"

"कारणं नकोत. रिपोर्टचा सर्व्हर वरती मधोमध असतो, झोपेत उठवलं तरी मी सांगेन. हा बघा." मॅडमनी न वळताच मागे बोट टेकवलं.

आक्कानं बोटाखालचं नाव वाचलं. मामांनीही वाचलं. दोघं बोटाकडेच बघताहेत म्हणून मॅडम वळल्या.

'सराव'.

बोट तिथंच राहिलं. मग त्या हळूच मामांच्या खुर्चीत बसल्या.

"मीसुद्धा तोच बंद केला असता," त्या म्हणाल्या. "टेबल तुमचंच राहू दे, मामा."

"प्रोग्रामरांचा नकाशा मर्मेडमध्येच ठेवते," आक्का कसंबसं म्हणाली. "तो रोज बदलतो. पडद्यावरचा मात्र पुन्हा हातानं काढते. मोजके चौकोन, आपापल्या जागी. आणि बंद करण्याआधी सर्व्हरचं नाव टाइप करायला लावू."

"तेवढं कर," मामा म्हणाले. "पण मीठ कोपऱ्यातच ठेव हो."

कुणालाच हसू आलं नाही. आक्का माउस धरून बसली आणि पहिला चौकोन उजव्या कोपऱ्यात काढून तिनं त्यात 'सराव' लिहिलं.