मिनिटाला दहा लिटर

० लिटर

सकाळचे सात. ऊन अजून माडांच्या मागे होतं आणि गच्चीवर सोलर हीटर बसवणाऱ्या केरबाला तेच हवं होतं. काचेच्या नळ्या रिकाम्या तापल्या आणि मग गार पाणी सोडलं, की त्या तडातड फुटतात. तरीही त्याने तीसच्या तीस नळ्यांवर गोणपाट टाकलं होतं. त्याने व्हॉल्व उघडला. बादली लावून मोजलं होतं, मिनिटाला दहा लिटर. नळ्यांत ऐंशी, टाकीत तीनशे. अडतीस मिनिटांचं काम.

पार्से गावात हा दुसराच सोलर. घर कृष्णनाथ मास्तरांचं. खाली पोर्चमध्ये त्यांच्या नातवाच्या बारशाची तयारी चालली होती.

"मेस्त, पाहुण्यांक न्हाणाक हून पाणी मेळतलं मगे?" मास्तरांची बायको कमलाक्षी खालून ओरडली.

"आज न्हाई, काकी. दिवसभर ऊन खाल्लं की उद्या."

"मग आज कित्याक इतकी धांवपळ?"

"मास्तरांना पाहुण्यांपुढं दाखवायचंय म्हणून!"

खाली हशा पिकला.

८० लिटर

नळ्या भरल्या. आता टाकी.

ही जागा केरबाची नव्हे. त्याने दाखवलेली जागा गच्चीच्या मध्ये होती, चार कॉलमांच्या डोक्यावर. तिथे भोक एकही पाडायचं नव्हतं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, त्यांच्याच वजनाने स्टँड वाऱ्याला धरायचा. पण त्या जागेखाली देवाची खोली. मास्तरांची आई, यशोदा आजी, काठी टेकत जिना चढून आली होती.

"देवाच्या माथ्यार टाकी? आनी तूं थंय पांय देवन नाचतलो? ना."

म्हणून पोर्च. गच्चीचाच स्लॅब भिंतीबाहेर साडेपाच फूट गेलेला. पुढे दोन गोल खांब, वर नक्षी. "खांब आसत न्हय," मास्तर म्हणाले, आणि केरबाने मान हलवली. वीस वर्षं गोव्यात काम करून त्याला एक कळलं होतं, देवाच्या खोलीवरून वाद घालायचा नाही. ठोकळ्यांचं वजन इथे नको म्हणून त्याने स्लॅबमध्ये अँकर-बोल्ट मारले. नळ्यांचं तोंड दक्षिणेला हवं आणि पोर्च उत्तरेला, त्यामुळे टाकी, म्हणजे सगळा भार, नेमका बाहेरच्या कडेला आला.

१३० लिटर

काल ड्रिल मारताना दोनदा ठिणग्या उडाल्या होत्या. दीड इंचावर सळी. पहिलं भोक बाहेरच्या कडेचं; तिथे तो थांबला आणि दोन इंच सरकला. दुसरं भिंतीच्या रेषेवरचं; तिथे थांबला नाही. संध्याकाळ होत आली होती. ड्रिल रेटला, सळीला चावा बसला, भोक झालं. अँकर बसवून त्याने भोकाच्या तोंडाशी इपॉक्सी भरलं, आणि साऱ्या पोर्चला वॉटरप्रूफिंगचा पांढरा कोट दिला. थेंब झिरपला तर नाव बदलेन, असं मास्तरांना म्हणालाही.

आता कठड्यापाशी उभ्या उभ्या त्याच्या मनात आलं, सळी वर कशी?

खाली आधार असलेल्या स्लॅबला मुख्य सळी खालच्या अंगाला. बाहेरच्या कडेपाशी, इतक्या वर, इतकी जाड सळी कधी घालतात? स्लॅब नुसताच भिंतीतून बाहेर लटकत असेल तेव्हा.

मग ते खांब?

१७० लिटर

तो पाना हातात घेऊन खाली आला. पोर्चमध्ये पाच-सहा बायका चटया अंथरत होत्या. मास्तरांची मुलगी प्रिया पाळण्याची दोरी ओढून बघत होती. पाळणा पोर्चच्या छताच्या कडीलाच टांगलेला, त्यात बाळ.

केरबाने खांबावर पाना मारला.

ढब्.

पुन्हा, जरा वर. ढब्. आत हवा. पाइपावर गिलावा करून उभा केलेला खांब.

"मास्तर, हे खांब घराबरोबरचे का?"

"छे! थोरल्याच्या लग्नाक केले. शोभेक." मास्तर कौतुकाने म्हणाले. "बरे दिसतात न्हय?"

त्याने वर पाहिलं. काहीच दिसत नव्हतं. आंब्याचं तोरण, कडी, दोरी. आणि त्यावर मिनिटाला दहा लिटर.

२१० लिटर

बोलायचं कसं? वरचा भार कमी करतो म्हणावं आणि गुपचूप निघावं? तेवढ्यात कोणी विचारलं, का? तर सळी सांगावी लागणार. सळी सांगितली की पेडण्यापासून म्हापशापर्यंत कोणी केरबाला गच्चीवर चढू देणार नाही.

बाळाने पाळण्यातून पाय बाहेर काढला.

"ताई, बाळ उचला."

"आतांच न्हिदलां," झोपल्या बाळाकडे बघत प्रिया म्हणाली.

"उचला म्हंतो ना!" त्याचा आवाज फाटला. "सगळ्या आत चला. देवाच्या खोलीत. सामान राहू दे, चटया राहू दे. आधी माणसं!"

कमलाक्षी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मेस्त, सकाळीच घेतलीस काय?"

कोणी हसलं. केरबाने पाळण्यातून बाळ स्वतःच उचललं आणि आत नेऊन आजीच्या मांडीवर दिलं. मागोमाग ओरडत सगळ्या बायका आत आल्या. बाळासाठी आल्या, त्याच्या सांगण्याने कोणी हललं नसतं.

२६० लिटर

जिना दोन-दोन पायऱ्यांनी. व्हॉल्व गच्चीवरच्या मोठ्या टाकीपाशी होता, बंद केला. पोर्चवर पाय ठेवायची हिंमत नव्हती. तो गच्चीच्या कडेला पोटावर झोपला आणि डोकं पुढे काढलं.

कालच्या पांढऱ्या कोटावर, भिंतीच्या रेषेत, एक काळा केस पडला होता. केस नव्हे. चीर. नखाने चाचपली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

पाणी सोडायचा कॉक त्याने घराच्या बाजूला घेतला होता, पुढे कोणाला कडेवर जावं लागू नये म्हणून. कालच्या दिवसातलं तेवढंच एक काम त्याला धड वाटलं. पाइप परसात सोडून कॉक उघडला. पाणी मातीवर पडू लागलं. तेही मिनिटाला दहाच लिटर.

२५० लिटर

मागच्या अंगणात पोफळीचे वासे पडले होते. एक उचलून तो पोर्चच्या पुढच्या कडेला आला. मास्तर दारात.

"केरबा, म्हाका सांग. खरें सांग."

"खांब पोकळ हायत. स्लॅब लटकता हाय. अन्..." त्याने वासा उभा केला. "अन् म्या त्याची सळी कापली, मास्तर. काल. कळूनसवरून."

मास्तर बाहेर आले.

"तुमी नका येऊ खाली."

"वासो कोण धरतलो? तुजो बापूय?"

त्यांनी वासा धरला. केरबाने बुडाशी फळी घातली, वरच्या टोकाला लाकडी पाचर सरकवली आणि हातोडीने एकच टिचकी मारली. स्लॅबला नुसती टेकेल इतकीच. बोटाने हलवली तर हलत होती.

मग दोघे माडाखाली जाऊन उभे राहिले आणि पाण्याचा आवाज ऐकत राहिले. आत बायकांनी देवासमोर जमिनीवरच बारसं उरकायला घेतलं होतं. नाव इथवर ऐकू आलं नाही.

८० लिटर

पाइप गळायचा थांबला. टाकी रिकामी. नळ्यांतलं पाणी असं उतरत नाही. ते तसंच वर राहिलं.

"गेलें मगे वजन?" मास्तरांनी विचारलं. "आतां स्लॅब वयर वतलो."

"जायला पायजे."

केरबा वाशापाशी गेला. भार उतरला म्हणजे पाचर ढिली व्हायला हवी. त्याने बोटाने हलवली. मग दोन्ही हातांनी ओढली. मग पाना अडकवून.

पाचर हलली नाही. तिच्या कडेचं लाकूड चेपून ओलं दिसत होतं.

"कितें जालें?"

केरबाने पाना हळूच, आवाज न करता, जमिनीवर ठेवला आणि उलट्या पावलांनी मागे सरकला.

"मास्तर, पोर्च आता ह्या वाशावर उभा हाय. कुणाला ह्या दारानं सोडू नका. इंजिनेराला फोन लावा. काय झालं ते म्या सांगतो."

परसदारातून आजी काठी टेकत आली. बाळ तिच्या खांद्यावर होतं. तिने वाशाकडे पाहिलं, मग वर टाकीकडे.

"टाकी थंयच दवरपाची आशिल्ली," ती म्हणाली. "देवाच्या माथ्यार. म्हाका कळ्ळें ना. तुका कळटालें, मग उलोवंक कित्याक ना?"

बोलायच्या वेळी केरबाने नुसती मान हलवली होती. तो चेपलेल्या पाचरीकडे बघत राहिला.