नऊ दृश्यांचा आकार

आमच्या ॲनिमेशन स्टुडिओतून ग्राहकाला जाणारे प्रत्येक महत्त्वाचे पत्र अकरा वर्षे मी लिहीत आलो होतो. स्टुडिओ माझ्या वहिनीचा. चित्रे तिची, माणसे तिची, परंतु शब्द माझे, अशी आमची वाटणी होती आणि ती कोणी मोडील असे मला कधी वाटले नव्हते. म्हणून त्या बुधवारी वहिनी माझ्या टेबलाशी न थांबता सरळ खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली, तेव्हा मी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

खिडकीजवळ ताई बसे. चार महिन्यांपूर्वी ती कामांचा मेळ घालण्यासाठी आली. वय तिशीच्या आत, तरी सगळे तिला ताई म्हणत. मला मात्र ती काका म्हणे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसास हे मनाला लागू नये हे मला समजते. पण लागत असे.

प्रकरण असे होते. एका नेत्ररुग्णालयासाठी आम्ही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवर दोन मिनिटांची फिल्म करीत होतो. तीत एक घाबरट आजोबा डोळा दाखवायला येतात आणि हसत घरी जातात. बावीस दृश्ये, त्यांपैकी नऊ पूर्ण झाली होती. आणि आता रुग्णालयाच्या डॉक्टरबाईंनी लिहिले होते की आजोबांऐवजी आजी हव्यात.

‘‘भाऊजी, हे पत्र ताई लिहील,’’ वहिनी जाता जाता म्हणाली. ‘‘मागच्या वेळी तुम्ही त्या शाळावाल्यांना करारातलं जादा आकाराचं कलम चार समजावलंत. त्यांना ते नीट समजलं, आणि ते दुसरीकडे गेले.’’

कोपऱ्यात स्क्रीनसमोर बसलेला आमचा मुख्य ॲनिमेटर, ज्याला सगळे दाढी म्हणतात, खाली मान घालून हसला. शाळेला लिहिलेले ते पत्र मी पुन्हा वाचून पाहिले आहे. त्यात एकही चूक नाही.

दुपारी ताईने मसुदा सर्वांना दिसेल अशा फोल्डरमध्ये ठेवला. मी तो उघडला तो दोष काढण्यासाठीच, हे कबूल करतो. तिने लिहिले होते:

‘आजींची कल्पना आम्हालाही आवडली. ॲनिमॅटिकला, म्हणजे आवाजासह जुळवलेल्या कच्च्या चित्रमालिकेला, आपली मान्यता १२ तारखेला मिळाली. त्यापूर्वीच्या बदलांच्या दोन्ही फेऱ्या पूर्ण झाल्या असून त्या ठरलेल्या रकमेत धरलेल्या आहेत. त्यानंतर नऊ दृश्यांचे ॲनिमेशन झाले. आता आजी आणायच्या तर पात्र नव्याने रेखाटणे, ते हलावे म्हणून त्याला सांधे बसवणे, आवाज पुन्हा ध्वनिमुद्रित करणे आणि ही नऊ दृश्ये पुन्हा करणे, एवढे काम वाढते. प्रत्येकाचा जादा आकार आणि लागणारे दिवस सोबत वेगवेगळे दिले आहेत. दुसरा मार्गही आहे: आजोबा तसेच ठेवून शेवटच्या दृश्यात शेजारी एक आजी बसलेल्या दाखवता येतील. ते दृश्य अजून सुरू झालेले नाही, म्हणून त्यास वेगळा आकार नाही. आपण लेखी कळवाल तोवर पुढचे काम आम्ही थांबवून ठेवले आहे. घाई करू नये.’

मी तीनदा वाचले. ‘घाई करू नये’ हे दोन वाक्ये आधी हवे होते असे स्वतःला पटवण्याचा प्रयत्न केला, पटले नाही. अकरा वर्षांत ‘दुसरा मार्गही आहे’ हे वाक्य मला सुचले नव्हते. मी ग्राहकाला नेहमी दार दाखवले होते, आणि हिने खिडकी उघडली होती.

आणि मग मला तो फोन आठवला.

१२ तारीख शुक्रवार. डॉक्टरबाईंनी ‘छान झालंय, पुढे चला’ असे लिहून पाठवले आणि मी ती मान्यता म्हणून नोंदवली. सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. शस्त्रक्रियेला बायकाच जास्त घाबरतात, आजोबांच्या जागी आजी चालतील का, असे त्या विचारीत होत्या. मी त्यांना लेखी पाठवायला सांगितले. जे लिहिलेले नाही ते घडलेले नाही, हा माझा नियम. त्यामुळे तो फोन मी ना नोंदवला, ना कोणाला सांगितला. दाढीने पहिले दृश्य मंगळवारी हाती घेतले. म्हणजे त्या फोनच्या वेळी एकही दृश्य सुरू झालेले नव्हते, आणि नऊ दृश्यांचा आकार मागण्याचा आम्हाला अधिकार नव्हता.

इतक्यात ताई माझ्या टेबलाशी आली.

‘‘काका, पाठवायच्या आधी एकच विचारायचं होतं. बाराच्या मान्यतेनंतर त्यांचं फोनवर काही बोलणं झालं होतं का?’’

हा प्रश्न मी कोणाला कधी विचारला नसता. मी फोन लपवला तर डॉक्टरबाई उलटून विचारतील, पत्र मागे घ्यावे लागेल, वहिनी पुन्हा माझ्या टेबलाशी थांबेल. हे सगळे माझ्या मनात एका श्वासात उभे राहिले.

‘‘माझ्या नोंदीत नाही,’’ मी म्हणालो.

वाक्य खरे होते. खोटे बोलण्यासाठी मला व्याकरणाची मदत घ्यावी लागली.

पत्र गेले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ताई लॅपटॉप उघडाच घेऊन आली, खुर्ची ओढून बसली आणि पडदा माझ्याकडे वळवला. डॉक्टरबाईंनी लिहिले होते: ‘इतक्या समजुतीने कोणी कधी सांगितले नव्हते. आजीच हव्यात, जादा आकार पूर्ण मान्य. मान्यता दिल्यावर लगेचच्या सोमवारी तुमच्या गृहस्थांना फोनवर बोलले होते, पण लेखी द्यायचे राहून गेले, ही चूक माझीच.’

मी ज्या खड्ड्यात तिला पडताना पाहणार होतो, तो त्या बाईंनी आपण होऊन बुजवला होता. आणि तोही तिच्या पत्राला भुलून. क्षणभर मला स्वतःची लाज वाटण्याआधी तिचा हेवाच वाटला, हे लिहून ठेवतो.

‘‘वहिनींनी अजून पाहिलं नाही,’’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘‘नऊ दृश्यांचे पैसे आपल्याला घेता येणार नाहीत, काका. ते तुम्हीच कळवा. बोलणं तुमच्याशी झालं होतं.’’

‘‘आणि मी नाही कळवलं तर?’’

‘‘मग मी कळवीन. पण मला ते तुमच्यासारखं नेमकं जमणार नाही.’’

ती टोमणा मारीत होती की खरे बोलत होती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी आधी वहिनीकडे गेलो. सोमवारचा फोन सांगितला, ताईने विचारले होते हेही सांगितले. वहिनी समोरच्या चित्राची कड खोडत राहिली. ‘‘भाऊजी, फोन विसरलात असं म्हणाला असतात तर मी मानलं असतं,’’ ती एवढेच म्हणाली.

मग पत्र लिहिले. नवे पात्र, सांधे आणि आवाज यांचा आकार राहतो, कारण ठरलेल्या दोन फेऱ्या त्या फोनपूर्वीच संपल्या होत्या. नऊ दृश्यांचा आकार रद्द, कारण आपण काम सुरू होण्यापूर्वी सांगितले होते आणि ते मी पुढे कळवले नाही. चूक आपली नसून माझी आहे. खाली माझी सही. पाठवण्यापूर्वी पुन्हा वाचले, तेव्हा शेवटी ‘घाई करू नये’ असे आलेले दिसले. ते कोणाचे आहे हे मला ठाऊक होते. खोडून तीन वेगळी वाक्ये लिहून पाहिली. एकही तितके चांगले नव्हते.

तेच ठेवले, आणि प्रत ताईला पाठवली.