चित्र जिथे विझतं

"थांबायचं नाही हं, मैना. थांबलीस की माझा धागा तुटतो."

आत्या हे पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मैना दुसरीत होती. आत्याची नजर त्याच वर्षी गेली होती. ती आयुष्यभर शिवणकाम करत आलेली, त्यामुळे तिच्या बोलण्यात धागे, टाके आणि गाठी सारख्या यायच्या. मशीनवर आता चादर घातलेली असायची. रोज संध्याकाळी पुस्तकाची चार पानं ऐकल्याशिवाय जेवायचं नाही, हा तिचा नेम. तो मोडू नये म्हणून मैनेने शब्द दिला होता : मी थांबणार नाही.

आणि ती थांबत नव्हती. अवघड शब्द आला की त्यावरून ती घसरगुंडीवरून यावं तशी सरकत जाई. स्वल्पविरामाला किंचित श्वास, पूर्णविरामाला आवाज खाली, प्रश्नाला वर. आत्या डोळे मिटून म्हणायची, "काय गोड वाचते गं माझी मैना!" खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं.

आता ती चौथीत होती, आणि तिला परत तिसरीत बसवायचं घाटत होतं.

"तिसरीत म्हणजे माझ्या वर्गात!" धाकटी बहीण दप्तर खाली टाकत म्हणाली. "ताई, तुला माझ्या बाकावर जागा ठेवू का? खिडकीकडची माझी हं."

"गप्प बस."

"वर्गात सगळे तुला पोपट म्हणतात. मैना नाही, पोपट."

आईने धाकटीला दटावलं, पण मैनेकडे पाहिलं नाही. दुपारी आईला शाळेत बोलावलं होतं. वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं की मुलगी सगळ्यांत आधी वाचून संपवते आणि विचारलं तर एक अक्षर सांगता येत नाही. शुक्रवारी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः बघणार होत्या. तोवर मैनेने रोज वाचनाच्या बाईंकडे जायचं.

वाचनाच्या बाईंची खोली जिन्याखाली होती. छत एका बाजूला उतरतं, त्यामुळे उंच माणसाला तिथे मान तिरकी करूनच बसावं लागे. बाई ठेंगण्या होत्या. त्यांनी एक कागद पुढे सरकवला.

"वाच बघू."

मैनेने वाचलं. समुद्रकाठच्या दीपगृहाचा एक रखवालदार होता. वादळ होतं. त्याने रात्रभर जागून दिवा जपला. मग समोरचं आभाळ तांबूस झालं. दिवा विझवला तेव्हा त्याला हायसं वाटलं. शेवटच्या वाक्याला तिने आवाज इतका हळुवार केला की जिन्यावरून उतरणारं कुणीतरी क्षणभर थबकलं.

"सुरेख," बाई म्हणाल्या. "एवढा जपलेला दिवा विझवला, मग हायसं का वाटलं गं त्याला?"

मैनेने पापण्या मिटल्या, उघडल्या. "त्याला दिवा आवडत नसेल."

बाई हसल्या नाहीत. "वाचताना डोळ्यांपुढे काय होतं तुझ्या?"

"काही नाही. आवाज होता."

"कुणाचा?"

"माझाच."

बाईंनी कागद पुन्हा तिच्याकडे वळवला. मग त्यांनी तिला पेन्सिल दिली. "आता मनात वाच. डोळ्यांपुढे समुद्र आण, माणूस आण, दिवा आण. जिथे चित्र विझेल तिथे बारीकसं टिंब दे. विझलं तर चूक नाही हं. ते सगळ्यांचंच विझतं, माझंही. विझलं हे कळलंच नाही, तर मात्र पंचाईत."

मैनेने वाचलं आणि 'हायसं' या शब्दाखाली टिंब दिलं.

"छान. आता काय करशील?"

"पुन्हा वाचीन." तिने पहिल्या ओळीपासून सगळं पुन्हा वाचलं. आधीपेक्षा भरभर.

"कळलं?"

"नाही."

"घरात किल्ली हरवली तर तू काय करतेस? नुसती सगळ्या घरातून चक्कर मारून येतेस?"

"नाही. किल्ली शोधते."

"मग इथे काय हरवलंय, ते आधी म्हण. आणि तेवढंच शोधायला मागे जा."

मैना कागदाकडे बघत राहिली. "हायसं का वाटलं, ते हरवलंय." तिचं बोट एक वाक्य मागे गेलं. 'आभाळ तांबूस झालं' यावर थांबलं. तिने वर पाहिलं. "सकाळ झाली! बाई, सकाळ झाली म्हणून! मग दिवा कशाला? वादळातली रात्र सरली!"

"आता दिसतोय माणूस?"

"जांभई देतोय," मैना म्हणाली, आणि बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की त्यांचं डोकं छताला लागता लागता राहिलं.

निघताना बाई म्हणाल्या, "घरी वाचतानाही अशीच थांबशील ना?"

मैनेचा चेहरा उतरला. "घरी नाही थांबता येणार. आत्याला शब्द दिलाय."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण शब्द मोड असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. जिन्याखाली मैना थांबायला शिकत होती आणि घरी न थांबता वाचत होती. आत्याचं पुस्तक एका जहाजाच्या लांबच्या प्रवासाचं होतं. शिडं, डोलकाठ्या, वारे, खडक. पूर्वी हे सगळं नुसतं आवाजातून वाहून जायचं. आता मध्येच चित्र विझलं की तिला कळायचं, आणि तरी आवाज पुढेच जात राहायचा. गुरुवारी तर कप्तानाने वारा अनुकूल असताना शिडं उतरवायला लावली. का? तिची जीभ पुढच्या ओळीवर गेली. आत्या डोळे मिटून होती. धागा तुटला नव्हता. मैनेला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत पंखा फिरत होता आणि टेबलावरचे कागद दाबून ठेवलेले होते. वाचनाच्या बाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. "तुम्ही बसा, पण बोलायचं नाही," मोठ्या बाईंनी त्यांना सांगितलं. मग मैनेकडे वळून, "हा उतारा मनात वाच. झाला की सांग. मग मी कागद घेईन आणि विचारीन. जमलं नाही तर सोमवारपासून तिसरी. रडायचं वगैरे काही नाही, समजलं?"

मैनेने मान हलवली.

उतारा मधमाश्यांचा होता. पहिली वाक्यं सोपी होती. हिवाळ्यात फुलं नसतात. माश्या साठवलेल्या मधावर जगतात. थंडी पडली की त्या एकमेकींना बिलगून गोळा करतात, आणि बाहेरच्या माश्या हळूहळू आत सरकतात, आतल्या बाहेर येतात. मैनेला तो गोळा दिसला. मऊ, गुणगुणणारा, लोकरीच्या गुंड्यासारखा. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि डोळे ओळींवरून पुढे गेले. मग हे वाक्य आलं :

'म्हणूनच हिवाळ्यात मध्येच ऊबदार दिवस आले, तर मधाचा साठा लवकर संपतो.'

ती पुढे गेली. अर्धी ओळ. आणि अडखळली.

गोळा तसाच होता, गरम, बिलगलेला. पण मग मध संपायला नको होता. ऊब आल्यावर तर बरंच की. चित्र आणि वाक्य एकमेकांशी जमत नव्हती. चित्र विझलं.

"झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

'हो' जिभेवर तयार होतं. तिची जीभ नेहमी तयार असायची. थांबलीस की धागा तुटतो. कानात आत्या, समोर मोठ्या बाई, दाराजवळ वाचनाच्या बाई, ज्या खाली स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या आणि त्यांचे ओठ देवाचं नाव घेतल्यासारखे हलत होते.

"नाही," मैना म्हणाली. "एक हरवलंय."

"काय हरवलंय?"

"शोधते."

ती पहिल्या ओळीकडे गेली, भरभर निम्मा उतारा वाचून झाला, आणि तिचं तिलाच कळलं की ही नुसती चक्कर आहे. थांबली. डोळे मिटले. काय हरवलंय? ऊब आल्यावर मध कुणी खाल्ला, आणि का?

मग ती तेवढंच शोधायला निघाली. फुलं नाहीत, ते नको. गोळा, नको. गोळ्याच्या लगेच पुढे, जिथे ती त्या लोकरीच्या गुंड्याकडे बघत राहिली होती, तिथे एक वाक्य होतं. तिने ते नजरेखालून घातलं होतं, पण वाचलं नव्हतं. 'ऊन पडलं की गोळा सुटतो आणि माश्या बाहेर उडू लागतात.' बस, एवढंच. पुढचं लिहिलेलंच नव्हतं. पण वर होतं : फुलं नसतात. तिने दोन्ही वाक्यांवर दोन बोटं ठेवली.

"झालं," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी कागद ओढून घेतला. "ऊबदार दिवसांत मध लवकर का संपतो?"

"गोळा सुटतो ना, मग त्या उडतात. उडायला भूक लागते. बाहेर फुलं तर नसतातच. मग रिकाम्या हाताने परत येतात आणि घरातलाच मध खातात."

"हं. म्हणजे थंडी पडली की मध आणखी लवकर संपतो, असंच ना?" मोठ्या बाई हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या.

मोठं माणूस 'ना' म्हणालं की मैना आजवर हो म्हणत आली होती. तिने गोळ्याकडे पाहिलं. गोळा तिथेच होता, बिलगलेला, निवांत. "नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "थंडीत त्या गोळा करून बसतात, उडत नाहीत. उताऱ्यात तसं नाही लिहिलेलं."

पंखा फिरत राहिला. मोठ्या बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले. एक तिला आला, एक आला नाही. "तो मला नाही कळला," ती म्हणाली, "कुठे विझलं ते दाखवू का?"

मोठ्या बाईंनी वाचनाच्या बाईंकडे पाहिलं. "आधी ही म्हणायची, सगळं कळलं." कागद खाली ठेवला. "राहू दे चौथीत. पण जिन्याखाली जाणं चालू ठेवायचं."

बाहेर आल्यावर वाचनाच्या बाईंनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "धूळ फार आहे या जिन्यात." त्या अजून जिन्यापर्यंत पोचल्याही नव्हत्या.

संध्याकाळी धाकटी बाकावरची जागा वाया गेली म्हणून रुसली. आत्या आपल्या खुर्चीत वाट पाहत होती. मैनेने पुस्तक मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही.

"आत्या, कालचं मला कळलं नव्हतं. वारा चांगला होता, तरी शिडं का उतरवली?"

आत्याचा हात खुर्चीच्या दांडीवर थांबला.

"मलाही नाही कळलं," आत्या म्हणाली.

"म्हणजे?"

"पुष्कळदा नाही कळत गं. पण तू इतकी गोड वाचत असतेस, मधेच कशी अडवू तुला? म्हटलं, पोरीचा हिरमोड व्हायचा."

"आणि मी तुझा धागा तुटेल म्हणून!"

आत्या खांदे हलवत हसू लागली. "वेडे, धागा तुटला की शिंपी काय करतो? पुढे शिवत जातो? मागे दोन टाके घेतो, गाठ मारतो, मग पुढे." तिने हात पुढे केला. "जुना शब्द परत घेतला मी. आता नवा दे."

मैनेने तिच्या हातावर हात ठेवला. "चित्र विझलं की थांबेन."

"माझं विझलं की मी चिमटा काढीन. आणि जेवण थंड झालं तर झालं."

मैनेने पुस्तक उघडलं. कालचं पान काढलं, 'शिडं उतरवा' या ओळीवर बोट ठेवलं, आणि का उतरवली तेवढंच शोधत, हळू आवाजात, एक एक वाक्य मागे जाऊ लागली.