पडदाभर सूचना

अब्दुल गनी सोमवारी दुपारी वारले. असो, तसं काही घडलंच नाही असं धरून चालू.

बीबी गावात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या पोरानं, अकीलनं, अब्बांसाठी ॲप बनवलं होतं. त्यांनी बटण दाबलं, की अकीलचा लॉक फोन पडदाभर उजळून वाजायचा. नव्या अँड्रॉइडनं हा पडदाभर उजळायचा हक्क आपसूक फक्त अलार्म आणि कॉलच्या ॲपांना ठेवला; बाकीच्यांना सेटिंगमधून परवानगी. ती अकीलनं चाळीस गिऱ्हाइकांच्या फोनवर त्यांच्या ॲपांना दिली, स्वतःच्या फोनवर द्यायची राहिली. सोमवारी अब्बांनी बटण दाबलं, तर नुसती सूचनेची पट्टी आली, एकदाच टिंग करून.

"वाजला काऊन नाही रे?" अम्मीनं विचारलं.

"वाजला अम्मी. हळू वाजला."

मग त्यानं ॲप स्टोअरचा परवानगीचा अर्ज भरला: 'ॲपचं मुख्य काम: पोराले बोलावणे. सबब, सदर परवानगी मागील सोमवार दुपारपासून लागू समजावी, ही विनंती.'