वारस क्रमांक दोन

नाक्यावरच्या पोलिसाने स्कूटी बाजूला घ्यायला लावली आणि कागद उलटेपालटे करून विचारलं, "भानुदास ढमाले कोण?"

"मिस्टर माझे," शैला म्हणाली.

"बोलवा त्यांना."

"वारले. जानेवारीत."

पोलिसाचा आवाज लगेच खाली आला. माणूस तसा वाईट नव्हता. "ताई, तीन महिन्यांच्या आत नावावर करून घ्यायची असते गाडी. आता मे लागला. आज सोडतो. पुढच्या वेळी जमा करावी लागेल."

शैला अकरा किलोमीटरवरच्या मुलींच्या शाळेत शिपाई होती. पहिली घंटा तिची, शेवटचं कुलूपही तिचंच. त्या रस्त्याला सकाळची एसटी साडेनवाला यायची, म्हणजे घंटा वाजून दोन तास झाल्यावर. गाडी गेली की नोकरी गेली, हे सरळ गणित होतं. मूलबाळ नव्हतं आणि घरात दुसरं माणूस नव्हतं. भानुदास गेल्यापासून तिच्याशी दिवसातून सगळ्यात जास्त बोलणारी वस्तू म्हणजे स्कूटीचा हॉर्न होता, आणि तोही तीच वाजवायची.

एक दिवसाची रजा टाकून ती आरटीओत गेली. फाटकाबाहेर कडुलिंबाखाली एजंट लोकांची टेबलं होती. मुलाणी नावाच्या एकाने तिला पाहताक्षणी खुर्ची दिली. बांगड्या नाहीत, हातात फाइल, चेहरा हा असा. त्याला काही विचारायची गरज पडली नाही.

"फॉर्म एकतीस," तो म्हणाला. "मालक मयत असला की एकतीस. लोक विक्रीचा भरून आणतात आणि हेलपाटे घालतात. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी, आधार आहे ना? मग राहिलं वारसाचं प्रतिज्ञापत्र आणि चॅसिसचा ठसा."

ठसा त्याने तिलाच काढायला लावला. सीटखाली, जिथे नंबर कोरलेला असतो तिथे कागद धरून वरून पेन्सिल घासायची. शैला उन्हात उकिडवी बसून घासत राहिली. करड्या रंगातून एकेक आकडा वर आला. सात वर्षं ती या गाडीवर मागे बसली होती आणि चार महिने पुढे, पण गाडीला असाही नंबर असतो हे तिला आज कळलं. भानुदासला माहीत असणार. त्याला विचारायच्या गोष्टींच्या यादीत आणखी एक भर पडली. यादी वाढतच चालली होती आणि तिचं काय करायचं ते समजत नव्हतं.

"वारस कोण कोण?" प्रतिज्ञापत्र टाइप करता करता मुलाणीने विचारलं.

"मीच. आम्हाला मूल नाही."

"म्हणजे एकमेव," म्हणत त्याने टाइप केलं. शैलाने सही केली, नोटरीचा शिक्का बसला आणि ती आत खिडकीशी गेली.

खिडकीतल्या भोईटे मॅडम चष्म्यावरून बघणाऱ्यांपैकी होत्या. त्यांनी कागद एकेक करून पालथे टाकले आणि प्रतिज्ञापत्रापाशी थांबल्या.

"वडील आहेत का मिस्टरांचे?"

"नाहीत. लग्नाआधीच गेले."

"आई?"

शैलाने फाइलची दोरी उगाच घट्ट केली.

"बाई, आई हयात आहे का?"

"आहे. गावाला."

"मग एकमेव कसं लिहिलंत?" मॅडमनी कागद परत सरकवला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, दिवसातून दहा वेळा हेच सांगणाऱ्या माणसाचा कंटाळा होता. "सगळे असंच लिहून आणतात. बायको म्हणजे संपलं, असं वाटतं लोकांना. आईसुद्धा वारस असते, तुमच्याइतकीच. दोघींची नावं घालून नवीन प्रतिज्ञापत्र करा आणि गाडी तुमच्या नावे व्हायला त्यांची हरकत नाही असं लिहून आणा. नोटरीसमोर."

"दीर आहे एक."

"दिराला इथे कोणी विचारत नाही," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्याला हात केला.

बाहेर मुलाणीने कपाळावर हात मारला. "अहो, आई आहे हे खिडकीत कशाला बोललात? आता थोडं थांबा. आठवड्याने दुसऱ्या खिडकीला लावू. वडील मयत, आई मयत. म्हातारी काय इथवर बघायला येतेय?"

शैलाने फाइल उचलली. घरातलं एक माणूस मेलेलं लिहिताना तिची बोटं झिजली होती. जिवंत माणसाला मेलेलं लिहायची तिच्यात ताकद नव्हती. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते मुलाणीला सांगण्यासारखं नव्हतं.

जानेवारीत भानुदास पहाटे दवाखान्यात वारला. दुपारपर्यंत गल्ली जमली. विलास, तिचा दीर, आईला घेऊन कारंजवाडीहून निघाला होता. घाटात टेम्पो बंद पडला. इकडे लोक घाई करत होते, किती वेळ ठेवणार, दिवस मावळेल. कुणीतरी शैलाला विचारलं, "थांबायचं का?" आणि ती म्हणाली, "न्या." का म्हणाली, ते तिला आजही सांगता आलं नसतं. त्याला तसा पडलेला बघवत नव्हता एवढंच. सासूबाई, हौसाबाई, स्मशानात पोहोचल्या तेव्हा चिता पेटून वीस मिनिटं झाली होती. त्या रडल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. तेराव्याला आल्या नाहीत. आणि त्यानंतर शैलाने एकदाही फोन केला नाही. काय तोंडाने करणार? आणि आता कागदावरही तिने तेच केलं होतं. म्हातारीला मोजलंच नव्हतं.

रविवारी ती कारंजवाडीला गेली. एसटीने गेली, पोलिसाचा शब्द डोक्यात होता. विलासच्या घराच्या पडवीत हौसाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली.

"आत्याबाई, बऱ्या आहात ना?"

"हाय की. मरत न्हाई अजून."

विलास आतून बनियनवर बाहेर आला. कामाचं ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे माझी सही नको व्हय? सख्खा भाऊ मी."

"नको म्हणाले."

"कायदा करणाऱ्याला भाऊ नसल," म्हणून तो चहा सांगायला आत गेला.

हौसाबाईंचे हात थांबले होते. "कसला कागद म्हनालीस?"

शैलाने वाचून दाखवलं. मयत भानुदास गणपत ढमाले यांचे पश्चात वारस क्रमांक एक, पत्नी, शैला. वारस क्रमांक दोन, आई, हौसाबाई गणपत ढमाले.

"परत वाच."

शैलाने परत वाचलं.

"माजं नाव कुणी घातलं? तू?"

खोटं बोलायला चांगली संधी होती. "आधी मी एकटीचंच घातलं होतं," शैला म्हणाली. "ऑफिसातल्या बाईंनी परत पाठवलं. म्हणाल्या, आईसुद्धा वारस असते, तुमच्याइतकीच."

"ती बाई म्हनाली."

"हो."

"तुझ्या ध्यानात न्हवतं."

"नव्हतं."

म्हातारीने सुपातली टरफलं बाजूला केली. परत शेंगा फोडायला घेतल्या. शैलाला वाटलं, आता उठावं आणि साडेबाराची गाडी धरावी. शाळेला चावी परत द्यावी, दुसरं काहीतरी बघावं.

"मी अंगठा देते," हौसाबाई म्हणाल्या. "पर आदी मला एक सांग. कसा दिसत हुता?"

शैलाला कळलं. ती जमिनीकडे बघत सांगू लागली. "झोपल्यासारखा. डावा डोळा थोडा उघडा राहिला होता. मी दोनदा मिटला, परत उघडायचा."

"ल्हानपनीबी तसाच झोपायचा. फुडं?"

"तोंड मिटलेलं होतं. कपाळाला गुलाल लावला होता. त्याचा निळा शर्ट काढून पांढरा घातला."

"दाढी केलेली व्हती?"

"नाही. दोन दिवसांची होती."

हौसाबाईंनी शेंगांनी माखलेला तळवा स्वतःच्या गालावरून खालपासून वरपर्यंत फिरवला, सावकाश, केसांच्या उलट दिशेने. आणि मग त्या रडल्या. चार महिने राहिलेलं रडणं होतं ते. विलास चहाचे कप घेऊन दारात आला आणि तसाच आत फिरला. शैला जवळ सरकली. पण हात कुठे ठेवावा ते तिला सुचेना, म्हणून तिने सूप उचलून बाजूला ठेवलं.

"मी थांबायला पाहिजे होतं, आत्याबाई," ती म्हणाली.

"पायजेच हुतं," म्हातारी म्हणाली.

माफी तिने दिली नाही. पण दुसऱ्या दिवशी विलासच्या मोटारसायकलवरून तालुक्याला आली. नोटरीने कागद वाचला तेव्हा "वारस क्रमांक दोन" आल्यावर तिने पदर सारखा केला. अंगठा असा दाबला की शाई कडेने बाहेर आली.

भोईटे मॅडमनी या वेळी कागद पालथे टाकले आणि परत सुलटे केले नाहीत. "आता होईल. कार्ड पोस्टाने येईल," त्या म्हणाल्या.

कार्ड येईपर्यंतचे दीड-दोन महिने शैलाने काढले कसे, ते तिचं तिला माहीत. पहाटे दुधाच्या टेम्पोने जायचं, संध्याकाळी मिळेल त्या वाहनाने यायचं. घरी आलं की अंगणातल्या गाडीवरची धूळ पुसायची आणि दिवा लावायचा. एका शनिवारी पोस्टमनने पाकीट दिलं. सही घेताना तो म्हणाला, "गाडी घेतली का ताई नवीन?" ती म्हणाली, "नाही. जुनीच आहे." पाकीट हातात घेऊन ती घरात आली आणि उभी राहिली. दाखवायला कोणी नव्हतं. तिने पाकीट फोडलंच नाही.

रविवारी ती स्कूटीवरून कारंजवाडीला गेली. घाटात टेम्पो जिथे बंद पडला असेल असं तिला वाटलं, तिथे जरा हळू झाली. पडवीत हौसाबाईंच्या हातात तिने पाकीट दिलं. म्हातारीने ते दाताने फाडलं आणि कार्ड उन्हात धरलं.

"ह्यात तुझं नाव कुटं?"

शैलाने बोट ठेवलं.

"आन भानूचं?"

"हे इथे. खाली. पतीचं नाव."

"माजं?"

शैलाने बोट मागे घेतलं. "कार्डावर नाही, आत्याबाई. तुमचं त्या कागदावर आहे, अंगठ्याच्या. तो ऑफिसात ठेवून घेतला."

"परत देत न्हाईत?"

"नाही. त्यांच्याकडेच राहतो, फाइलमध्ये."

हौसाबाईंनी कार्ड पदराने पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

"मग असू दे," त्या म्हणाल्या. "कुटंतरी लिवलंय न्हवं, भानूची आई म्हनून."