सुगंधाबाईंचा भाग

सुगंधाबाई गेल्या तेव्हा आमच्या मालिकेत त्यांचा भाग चौथा होता, आणि आमचा पहिलाही झाला नव्हता.

आम्ही तिघं मिळून घोंगडीवर माहितीपटांची मालिका करत होतो. धावडा गावात सांडूबाबा अजून हातमागावर घोंगडी विणतात. मेंढ्या कातरण्यापासून घोंगडी बाजारात विकण्यापर्यंत दहा भाग करायचे, असा बेत मी आखला. सूत काढायच्या सुगंधाबाई, त्यांच्या बायको. पण त्या कॅमेऱ्यासमोर आल्या की मी म्हणायचो, "आजी, तुमचं नंतर." सूत चौथ्या भागात, ते आधीच दिसलं तर मजा जाईल, असं मला वाटायचं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं म्हणतात ते हेच.

दोन वर्षं गेली. कॅमेरा रामेश्वरचा, पण त्याचं पोट जालन्याच्या एमआयडीसीतल्या रोलिंग मिलवर. मेंढ्या कातरायच्या दिवसांत त्याला सुट्टी मिळेना. वर्षाराणी बियाण्याच्या कंपनीतली नोकरी सांभाळून आमचं एडिटिंग करायची. मी ग्रुपवर नवनवी वेळापत्रकं टाकायचो, ते दोघं अंगठे टाकायचे. पुढे अंगठेही थांबले आणि मी दोघांना आळशी ठरवून मोकळा झालो.

मग सांडूबाबांचा फोन आला.

"अंगद, पुढल्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध हाय. ते दहा भाग राहू दे. तिचं जे असंल तेवढंच दाखव. घरात तिचा फोटो न्हाई, आधार कार्डावरचा सोडून."

रविवारी आम्ही वर्षाराणीच्या घरी जमलो. मी सवयीनं दहा भागांची यादी उघडली. रामेश्वर तिकडे बघेनाच.

"दहाचं नाव काढलं की मला मिलमध्ये डबल ड्यूटी केल्यावानी वाटतं," तो म्हणाला. "संपतच न्हाई ना कधी."

वर्षाराणीनं यादी बंद केली. "एकच फिल्म. सहा मिनिटांची. नवीन शूटिंग बिलकुल न्हाई. हार्ड डिस्कवर आहे त्यातूनच."

"मेंढ्या? बाजार? ड्रोनचा शॉट?"

"न्हाई. न्हाई. न्हाई." तिनं कागदावर 'करायचं नाही' असं लिहून खाली सगळं मांडलं. तो कागद कामांच्या यादीपेक्षा लांब झाला. कामं तीनच होती: आज आजी जिथं जिथं आहेत ते तुकडे शोधायचे, पुढच्या रविवारी कच्ची जोडणी एकत्र बघायची, त्यानंतरच्या रविवारी आवाज नीट करून संपवायचं. राहिलेला आठवडा चुकांसाठी. प्रत्येक रविवारी बघण्यासारखं काहीतरी हातात आलंच पाहिजे, एवढी तिची अट.

रामेश्वर तासाभरासाठी आला होता, संध्याकाळपर्यंत बसला. चाळीस तासांच्या चित्रणात सुगंधाबाई दोनदा सापडल्या. एकदा पाठमोऱ्या, चरखा उचलून आत नेताना. आणि एकदा खळीच्या दिवशी. ताणलेल्या उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, चिंचोक्यांची खळ लावतात, त्यानं सूत ताठ होतं, विणताना तुटत नाही. सांडूबाबा कुंचा बुडवत होते. सुगंधाबाई दारातून वाकल्या, चेहरा पूर्ण दिसला.

"अवं, खळ पातळ झालीय. आटू द्या अजून—"

"आजी, तुमचं नंतर," हा माझा आवाज.

"—न्हाईतर सूत तुटंल, मंग मला म्हणू नका."

एवढंच. अकरा सेकंद. बाकी सगळीकडून मी त्यांना बाजूला केलं होतं. मला तिथं मान वर करवेना.

वर्षाराणीनं फिल्म खळीचीच केली: चिंचोके भिजण्यापासून ताणा वाळेपर्यंत, मधोमध अकरा सेकंद सुगंधाबाई. दुसऱ्या रविवारी मी म्हणालो, "माझा आवाज काढून टाक."

"एकाच माइकवर आहे, आणि तू त्यांच्या बोलण्यावर बोललायस. तुला काढलं तर त्यांचं बी तुटंल."

माझा आवाज तसाच राहिला. रामेश्वरनं माझ्या पाठीवर हात ठेवला. ठरल्या दिवशी फिल्म पुरी झाली. दोन वर्षांत आमची पुरी झालेली पहिली गोष्ट.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पानं उठल्यावर धावड्यात सांडूबाबांच्या भाच्याच्या टीव्हीवर ती लावली. सांडूबाबा अगदी पुढे बसले. सुगंधाबाई दारातून वाकल्या, बोलल्या. मी त्यांना मधेच अडवलं, आणि साऱ्या भावकीनं ते ऐकलं. सांडूबाबांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

मी त्यांच्याजवळ बसलो. "बाबा, चुकलं माझं. आधी छोटंच करायला पाहिजे होतं. त्यांना बघायला मिळालं असतं."

"मिळालं असतं," ते म्हणाले. डोळे पुसून त्यांनी टीव्हीकडे बोट केलं.

"बरं झालं, तिनं तुझं ऐकलं न्हाई."